काशाची वाटी खरी की पितळेची? जुन्या काशा-प्यूटरच्या भांड्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुना वाडा पाडायला काढला किंवा दिवाळीत माळा आवरला, की परभणी, जालना, लातूरकडची मंडळी पोत्यात भांडी घालून माझ्याकडे येतात. माझं बालपण आजोबांच्या दुकानात, कासार गल्लीतच गेलं, म्हणून विचारतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवतोय. घाई एवढ्यासाठीच, की भांडं एकदा मोडीत गेलं आणि भट्टीत पडलं की परत येत नाही.

या पानावर दोन वाट्या पुन्हा पुन्हा येतील. सेलूकडच्या एका काकूंनी त्या आणल्या होत्या. एकाच पेटीतल्या, दिसायला जुळ्या. एक वाजत होती, एक वाजत नव्हती. वाजत नव्हती ती पितळेची समजून मोडीत घालायची त्यांची तयारी झाली होती.

कासं म्हणजे नक्की काय? पितळेत आणि त्यात फरक काय?

तांब्यात जस्त मिसळलं की पितळ होतं. तांब्यात कथील मिसळलं की कासं होतं. भांड्यांच्या चांगल्या काशात साधारण ७८ भाग तांबं आणि २२ भाग कथील असतं. देवळातली घंटा आणि भजनातले टाळही याच घराण्यातले.

एवढं कथील घातलं की धातू कडक होतो, पण ठिसूळही होतो. थंड असताना काशावर हातोडा मारला तर ते तडकतं. म्हणून काशाचं भांडं घडवायची रीतच वेगळी आहे. आधी चकती ओतायची, ती लाल होईपर्यंत तापवायची, म्हणजे साडेसहाशे अंशांच्या आसपास, आणि ती लाल आहे तेवढ्याच वेळात ठोकायची. थंडावली की परत भट्टीत. शेवटी भांडं तापलेलं असतानाच पाण्यात बुडवायचं. लोखंडाला पाणी दिलं की ते कडक आणि ठिसूळ होतं. काशाचं उलट आहे. ते हळूहळू थंड होऊ दिलं तर आत ठिसूळ कण तयार होतात आणि झटकन थंड केलं तर ते कण होत नाहीत, भांडं टिकाऊ होतं. खालचे बरेच प्रश्न या एका गोष्टीने सुटतात, म्हणून ती लक्षात ठेवा.

पितळ मात्र थंडपणीही ठोकता येतं, वाकवता येतं. किल्लारीच्या भूकंपानंतर (३० सप्टेंबर १९९३) माझ्या मावशीच्या घराच्या ढिगाऱ्यातून भांडी काढली, तेव्हा मी हा फरक डोळ्यांनी पाहिला. पितळेचा हंडा दगडाखाली पार चेपून पोळीसारखा झाला होता, पण अखंड होता. काशाच्या ताटाचे तीन तुकडे झाले होते, आणि तुटलेली कड आतून पिवळी नव्हती, खडीसाखर फोडल्यासारखी बारीक दाण्यांची, करडट पांढरी होती. ते तुकडे मी अजून जपून ठेवले आहेत.

आवाजावरून कसं ओळखायचं?

पहिली चूक होते ती धरण्यात. वाटी मुठीत धरून टिचकी मारली तर कोणतीही वाटी बद्दच वाजणार. पाच बोटांची टोकं वर करा, वाटी बुडाने त्यांवर टेकवा, कड मोकळी राहू द्या. मग लाकडी पळीच्या दांड्याने कडेवर बाहेरून हलकेच मारा. धातूच्या चमच्याने मारू नका, चमच्याचाच आवाज मिसळतो आणि काशाला तडा जाण्याचीही भीती असते.

पहिला ठोका ऐकून मत बनवू नका. ठोक्यानंतर काय उरतं ते ऐका. काशात कंप लवकर जिरत नाही, म्हणून नाद लांबतो, वर-खाली हेलकावे घेत विरतो. चांगल्या वाटीचा नाद कान जवळ नेला तर सात-आठ सेकंदही ऐकू येतो. पितळेची वाटी ‘टण्’ करते आणि दोन-तीन सेकंदांत गप्प होते. प्यूटर, म्हणजे मुख्यतः कथलाचा करडा धातू, आणि शिसं तर ‘ठक्’ एवढंच बोलतात. ज्यांना कानाची खात्री नाही त्यांनी जवळच्या भजनी मंडळातला टाळ आधी वाजवून ऐकावा. तो नाद कानात असला की तुलना सोपी जाते.

तरीही एकट्या आवाजावर निकाल देऊ नका. पातळ, रुंद तोंडाची पितळेची वाटी बऱ्यापैकी गाते. जाड बुडाचा, अरुंद तोंडाचा काशाचा गडवा फारसा गात नाही. ज्या भांड्याला कडी, पाय किंवा झाळलेला जोड आहे त्याचा नाद जोडातच मरतो. म्हणून आवाजाची तुलना सारख्या घाटाच्या, सारख्या जाडीच्या भांड्यांचीच करा.

वाटी दिसते काशाची, पण बद्द वाजते. मग ती पितळेची का?

काकूंची दुसरी वाटी हीच. हा प्रश्न इतक्यांना पडतो आणि यात इतकी चांगली भांडी जातात, की मी तो वेगळा काढला आहे.

काशात केसाएवढी चीर असली तरी नाद तुटतो. फुटका टाळ वाजवून पाहिलेल्याला हे सांगायला नको. चीर बहुधा कडेपासून आत उतरते, आणि काळपटपणाखाली ती दिसत नाही.

शोधायची रीत अशी. वाटी धुऊन पूर्ण कोरडी करा. बोळ्याने आतून थोडं रॉकेल लावा आणि पंधरा-वीस मिनिटं राहू द्या. रॉकेल नसेल तर रंगात घालायचं टर्पेंटाइन चालतं. मग जुन्या सुती कापडाने बाहेरून-आतून अगदी कोरडं पुसा आणि दोन्ही अंगांना खडूची पूड बारीक फडक्यातून झटका. चीर असेल तर तिच्यात शिरलेलं तेल हळूहळू बाहेर येतं आणि पांढऱ्या पुडीवर बारीक, ओलसर रेघ उमटते. हे सगळं चुलीपासून, गॅसपासून लांब करा.

काकूंच्या वाटीत कडेपासून बुडाच्या दिशेने बोटभर लांबीची रेघ उमटली. म्हणजे ती पहिलीसारखीच काशाची होती, फक्त तडकलेली. काकू बराच वेळ त्या रेघेवरून नख फिरवत होत्या.

अशी वाटी दुरुस्त होते का, हेही विचारतात. कथलाचा डाग देऊन चीर बुजवता येते, पण नाद परत येत नाही. भरपूर तापवून झाळायला गेलात तर पाण्यात बुडवून कमावलेला टिकाऊपणा जातो आणि चीर पुढे सरकते. मी तरी तशीच ठेवा म्हणतो. कोरडे पदार्थ ठेवायला ती चालते.

रंग कुठे पाहायचा?

वरच्या चकाकीवर जाऊ नका. नुकतं घासलेलं पितळ, कासं, पातळ मुलामा दिलेलं काहीही दुकानातल्या दिव्याखाली सोन्यासारखंच दिसतं. भांडं उलटं करा आणि बुडाच्या कडेला, जिथे ते जमिनीवर घासून झिजलं आहे, तिथे उन्हात पाहा. झिज नसेल तर बुडाच्या आतल्या अंगाला कानशीचा एकच हलका फटका मारून आतला धातू उघडा करा.

पितळ लिंबासारखं पिवळं असतं, थोडी हिरवट झाक घेऊन. कासं फिकट असतं, पिवळ्यात किंचित तांबूस-करडी छटा मिसळल्यासारखं. कथील जितकं जास्त तितकं ते पांढऱ्याकडे झुकतं. शब्दांत सांगून हे कळत नाही. एका हातात खात्रीची पितळेची पळी घ्या, दुसऱ्या हातात वाटी, आणि दोन्ही एकाच उन्हात धरा.

एक सावधगिरी. आतून कल्हई केलेलं पितळी भांडं आतून पांढरंच दिसणार, कारण कल्हई म्हणजे कथलाचा लेप. काशाला कल्हई लागत नाही. आत कल्हईचे अवशेष, विशेषतः कडेवरून बाहेर ओघळलेला पांढरा डाग दिसला, तर ते भांडं बहुतेक पितळ किंवा तांबं आहे.

काळपटपणा आणि डाग काय सांगतात?

सगळ्यात कामाची खूण हिरवी. सांदीत, कडीच्या मुळाशी, कोरलेल्या अक्षरांत हिरवट कळंक असेल तर धातूत तांबं आहे. म्हणजे तांबं, पितळ, कासं किंवा जर्मन सिल्व्हर हा तांबं-निकेल-जस्ताचा पांढरट धातू, यांतलं काहीतरी. करड्या भांड्यावर कुठेच हिरवं नसेल तर प्यूटर, जस्त, ॲल्युमिनियम यांच्याकडे वळा.

पितळ आणि कासं यांत फरक करायला चिंचेचे जुने डाग पाहा. चिंचेने किंवा आमसुलाने वर्षानुवर्षं घासलेल्या पितळेवर गुलाबी-तांबूस चट्टे उठतात, कारण आंबट पदार्थ पितळेतलं जस्त आधी खातो आणि मागे तांबं उरतं. काशात जस्त नाही, त्यामुळे असे चट्टे सहसा दिसत नाहीत. ते तपकिरी, मग काळपट होतं, आणि हा थर सपाट, घट्ट बसलेला असतो. चांगल्या काशावरचा जुना थर बोटाला गुळगुळीत लागतो.

हा थर घासून काढायचा का? रोजच्या वाटीचा काढा. पण ज्यावर नाव, साल, शिक्का आहे त्याला राख आणि वाळू लावू नका. मऊ फडकं, साबणाचं पाणी, तेवढंच. घासून पुसट झालेली अक्षरं परत येत नाहीत.

काशाच्या वाटीने तळपाय चोळले की काळे होतात, म्हणजे वाटी खरी ना?

नाही. तेल किंवा तूप, घाम आणि घर्षण यांनी धातूचा अगदी बारीक अंश सुटतो आणि तो काळा दिसतो. पितळेच्या वाटीनेही पाय काळे होतात. चोळून बरं वाटतं ते खरंच, पण धातूची परीक्षा त्यातून होत नाही.

पाण्यात वजन करून कळतं असं ऐकलं. कसं करायचं?

डिजिटल तराजूवर पाण्याचं पातेलं ठेवा आणि आकडा शून्य करा. भांडं दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका, आत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. आता जो आकडा दिसेल, त्याने भांड्याच्या कोरड्या वजनाला भागा. येतं ते घनत्व.

काशासाठी मात्र ही रीत तोकडी आहे. काकूंच्या पहिल्या वाटीचं वजन २३८ ग्रॅम. पाण्यातला आकडा कधी २७ तर कधी २८ दिसायचा. २७ धरले तर उत्तर ८.८ येतं, २८ धरले तर ८.५. कासं ८.७ च्या आसपास आणि पितळ ८.५ च्या आसपास, म्हणजे स्वयंपाकघरातल्या तराजूच्या एका ग्रॅमच्या चुकीत दोन्ही बसतात. पितळ-काशाचा निवाडा यावर करू नका. करड्या भांड्यांना मात्र ही रीत फार उपयोगी पडते, ते पुढे येतं.

मग पितळ की कासं, याची पक्की खात्री कशाने होते?

शोऱ्याच्या तेजाबाने, म्हणजे नायट्रिक ॲसिडने. हे घरी करू नका, धूर विषारी असतो. सोनाराकडे तेजाब असतं आणि ते हाताळायची सवयही असते. बुडाच्या आतल्या अंगाचा चिमूटभर कीस काचेच्या छोट्या नळीत घालायचा आणि वर तेजाबाचे थेंब सोडायचे. पितळ पूर्ण विरघळतं आणि निळं-हिरवं, स्वच्छ पाणी राहतं. काशातलं कथील तेजाबात विरघळत नाही. त्याची पांढरी पूड होऊन तळाशी बसते. जुन्या पितळेतही थोडं कथील सापडतं, तेव्हा पाणी किंचित गढूळ होतं, पण काशात जो दह्यासारखा पांढरा गाळ बसतो तो ओळखू येतो. काकूंच्या दोन्ही वाट्यांचा गाळ सारखाच निघाला.

सोन्याचं कॅरेट तपासायच्या क्ष-किरण मशीनवरही तांबं, कथील, जस्ताचं प्रमाण दिसू शकतं, आणि भांड्याला ओरखडाही पडत नाही. दोन गोष्टी सांभाळा. मशीन सोन्याच्या सेटिंगवरच असेल तर कथील नीट दाखवणार नाही, आधी विचारून घ्या. दुसरं, ते फक्त वरचा पातळ थर वाचतं. कल्हई केलेल्या बाजूने तपासलं तर पितळेचं भांडंही भरपूर कथील दाखवेल. बाहेरून, घासून उघड्या केलेल्या जागीच तपासा.

आमच्याकडे एक जड, करडं भांडं आहे. ते प्यूटर का?

प्यूटर म्हणजे मुख्यतः कथील, त्यात थोडं अँटिमनी आणि तांबं. जुन्या, हलक्या प्रतीच्या प्यूटरमध्ये शिसंही असतं. हा आपल्याकडचा धातू नाही, त्याला आपल्याकडे सरसकट वापरात असलेलं नावही नाही. मराठवाड्यात तो आला असेल तर छावण्यांतून. जालन्याला हैदराबाद कंटिंजंट या इंग्रज अधिकाऱ्यांच्या फौजेची छावणी १९०३ पर्यंत होती, औरंगाबादला छावणी आहेच. साहेब लोक जाताना सामानाचा लिलाव करत आणि त्यातल्या वस्तू गावात विरत.

पण प्यूटर म्हणून माझ्याकडे जे येतं त्यात प्यूटर क्वचितच असतं. सगळ्यात जास्त गोंधळ ‘जर्मन’ या शब्दाने होतो. खेड्यात ॲल्युमिनियमच्या भांड्याला जर्मनचं भांडं म्हणतात, आणि जर्मन सिल्व्हर म्हणजे तांबं, निकेल आणि जस्त. नाव जवळचं, धातू दूरचे. ॲल्युमिनियम उचलताच कळतं, घनत्व जेमतेम २.७. जर्मन सिल्व्हर ८.६ च्या आसपास भरतं, कडक असतं, आणि सांदीत हिरवं धरतं.

दुसरा मोठा गट बिदरीचा. बीदर आपल्याला लागून, आणि उदगीर तर १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यातच होतं, त्यामुळे लातूर-नांदेडकडच्या जुन्या घरांत बिदरीचा हुक्का, पानदान, सुरई सापडते. बिदरीचा धातू म्हणजे जवळजवळ सगळं जस्त, सोळा भागांना एक भाग तांबं. तिचा काळा रंग नवसागर घातलेल्या मातीचा लेप देऊन आणलेला असतो. घरच्या बाईने दर सणाला चिंच-राखेने घासून तो काळा रंग घालवला की खाली करडं जस्त उरतं आणि चांदीची नक्षी त्यात मिसळून जाते. करड्या भांड्यावर तिरप्या उजेडात फुलाच्या पाकळ्यांसारख्या चमकदार रेषा शोधा. सापडल्या तर ती बिदरी आहे, आणि तिला पुन्हा चिंच लावू नका.

जस्त आणि प्यूटर घनत्वात जवळजवळ आहेत, ७.१ आणि ७.३. तिथे चाकू कामाला येतो. बुडाच्या आत, दिसणार नाही अशा जागी, धारेने हलकं खरवडा. प्यूटरची साबणासारखी मऊ, वळलेली साल निघते. जस्ताचा कणीदार भुगा पडतो. जस्तावर दमट हवेत पांढरी भुकटीही धरते.

प्यूटरच्या बुडावरचे आकडे आणि शिक्के कसे वाचायचे?

जालन्याच्या एका घरातून आलेला मग सांगतो. वजन ६१२ ग्रॅम, पाण्यातला आकडा ८४, म्हणजे घनत्व ७.३. हा आकडा शुद्ध कथलाच्या अगदी जवळ. शिसं असतं तर तो वर गेला असता, पाचवा हिस्सा शिसं असेल तर ७.८ च्या पुढे. म्हणजे हा शिसं नसलेला, चांगल्या प्रतीचा धातू होता, ज्याला ब्रिटानिया मेटल म्हणतात. इंग्लंडात शेफील्डला अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याचा वापर सुरू झाला.

बुडावर १८५७ कोरलेलं होतं. घरात पिढ्यान् पिढ्या गोष्ट चालत आली होती, की हा मग बंडाच्या वर्षीचा. मला ते सांगताना वाईट वाटलं, पण तो आकडा साल नाही. ब्रिटानिया मेटलच्या कारखान्यांत बुडावर नमुन्याचा, म्हणजे कॅटलॉगचा क्रमांक ठोकत. असे चार आकडी क्रमांक सर्रास सापडतात आणि सर्रास साल म्हणून वाचले जातात.

खरं वय दुसरीकडे होतं. मग काठोकाठ भरला आणि पाणी मोजलं, ५६८ मिलिलिटरच्या आसपास. हा इम्पीरियल पाइंट, जो इंग्लंडात १८२६ पासून लागू झाला. त्याआधीचा वाइनचा पाइंट ४७३ मिलिलिटरचा होता. मगाच्या कडेजवळ भिंग लावलं तर मुकुट, खाली व्ही आर ही अक्षरं आणि त्याखाली एक छोटा अंक दिसला. व्ही आर म्हणजे राणी व्हिक्टोरिया, कारकीर्द १८३७ ते १९०१. ही मापाच्या तपासणीची मोहर आहे, आणि मुकुटाखाली कचेरीचा अंक घालायची एकसारखी पद्धत इंग्लंडातल्या १८७८ च्या वजन-मापांच्या कायद्यानंतरची. म्हणजे मोहर १८७८ ते १९०१ मधली. जालन्याची छावणी १९०३ ला उठली, तेव्हा मग गावात कसा राहिला याचाही अंदाज बसतो.

आणखी दोन खुणा. ‘ईपीएनएस’ असेल तर ते जर्मन सिल्व्हरवर चांदीचा मुलामा, ‘ईपीबीएम’ असेल तर ब्रिटानिया मेटलवर. ‘मेड इन इंग्लंड’ असं पूर्ण लिहिलेलं असेल तर वस्तू बहुधा विसाव्या शतकातली. मुकुटाखाली फुलीसारखा एक्स हा चांगल्या प्रतीची ग्वाही म्हणून ठोकत, त्यावरून साल कळत नाही.

आमच्या वाटीवर १३४२ असं साल आहे. म्हणजे ती सहाशे वर्षांची?

काकूंच्या पहिल्या वाटीवर हेच होतं. शके धरलं तर ७८ मिळवून इ.स. १४२० येतं, आणि तेवढ्यावर काहींची झोप उडते.

पण मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. कचेरीत, शाळेच्या दाखल्यावर, जमिनीच्या जुन्या कागदांवर फसली, म्हणजे महसुली, साल चालायचं. फसलीत ५९० मिळवले की इ.स. मिळतं, वर्ष ऑक्टोबरात सुरू व्हायचं म्हणून जानेवारीनंतरच्या महिन्यांना ५९१. म्हणजे १३४२ फसली हे ऑक्टोबर १९३२ ते ऑक्टोबर १९३३. आणि हिजरी धरलं तर १३४२ म्हणजे १९२३-२४. एकाच आकड्याची तीन सालं झाली.

निवाडा आजूबाजूच्या खुणांनी होतो. साल उर्दू आकड्यांत असेल तर शेजारचं अक्षर पाहा, ‘फे’ असेल तर फसली, ‘हे’ असेल तर हिजरी. काकूंच्या वाटीवर मजकूर देवनागरीत होता, ‘सप्रेम भेट’ आणि आजेसासऱ्यांचं नाव. त्यांचं लग्न घरच्या हिशेबाने १९३३ च्या उन्हाळ्यातलं. फसली बरोबर बसलं. वाट्या लग्नातल्या होत्या.

नाव घातल्याचं साल आणि भांडं घडल्याचं साल एकच असेल असं नाही, हेही सांगून ठेवतो. आजीचं जुनं भांडं नातीला देताना त्यावर नवं नाव घालायची पद्धत सगळीकडे आहे. दोन नावं असतील तर जास्त झिजलेलं नाव आधीचं.

साल नसेल तर वय कसं कळतं?

अंदाजच करता येतो, आणि तो पन्नास-साठ वर्षांच्या पट्ट्यात. नाव टिंबाटिंबांनी ठोकलेलं असेल तर ते हाताने, खिळ्यासारख्या पोगराने घातलेलं. एकसलग, थरथरत्या रेषेचं नाव विजेच्या यंत्राचं, म्हणजे अलीकडचं. मोडी अक्षर असेल तर बहुधा स्वातंत्र्याच्या आधीचं. बुडाजवळ शेर-छटाकात वजन खरवडलेलं असेल तर ते मेट्रिक मापं रुळण्याआधीचं, म्हणजे ढोबळमानाने १९६० च्या आधीचं.

घडणही पाहा. घडीव काशाची जाडी बोटांनी चाचपली तर जागोजाग बदलते, आणि तिरप्या उजेडात ठोक्यांचे उथळ खड्डे दिसतात. झिज खोटी करणं सगळ्यात अवघड असतं. खरी झिज जिथे हात आणि जमीन लागते तिथेच असते. आत-बाहेर सारखंच ‘जुनं’ दिसणारं भांडं मी संशयाने पाहतो.

या भांड्यांत जेवावं का?

काशात आंबट सोडून सगळं. ताक, सोलकढी, चिंचेची आमटी त्यात कळकते. आणि काशाचं भांडं गॅसवर चढवू नका. फार तापलं की घडवताना पाण्यात बुडवून मिळवलेला गुण जातो आणि पुढे कधीतरी साध्या धक्क्याने ते फुटतं.

प्यूटर तर विस्तवाजवळही नेऊ नका. शुद्ध कथील २३२ अंशांना वितळतं, प्यूटरही त्याच्याच आसपास. तूप पातळ करायला म्हणून एकीने प्यूटरची चहादाणी मंद गॅसवर ठेवली आणि बूड ओघळलं, हे मी पाहिलं आहे. शिसं असलेल्या प्यूटरमधून काही खाऊ-पिऊ नका. पांढऱ्या कागदावर भांड्याची कड ओढा, पेन्सिलीसारखी ठळक रेघ उठली तर शिशाचा संशय धरा आणि ते फक्त मांडणीत ठेवा.

नांगरताना शेतात भांडं सापडलं, काय करू?

घासू नका, आणि विकूही नका. जमिनीत पुरलेल्या, दहा रुपयांहून जास्त किमतीच्या ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यायला आपल्याकडचा १८७८ चा गुप्तधनाचा कायदा सांगतो. सापडलेली जागा आणि सोबतची खापरं तशीच ठेवा, पुरातत्त्व खात्याला भांड्याइतकीच तीही लागतात. भांड्यावर फिकट हिरवी, पिठासारखी भुकटी येत असेल तर ते कोरड्या जागी ठेवा, पाणी लावू नका.

मोडीत द्यायचंच असेल तर काय पाहावं?

कथील तांब्यापेक्षा महाग, म्हणून काशाची मोड पितळेपेक्षा वरच्या भावाने जायला हवी. माझ्या आत्याने एका मोठ्या शहरातल्या दुकानात काशाची सहा ताटं दिली. तिथे सगळं ‘पिवळं’ म्हणून एकाच ढिगात तोललं गेलं आणि पावतीवर पितळ लिहिलं गेलं. म्हणून भांडी घरूनच वेगळी काढून न्या, प्रत्येक ढीग वेगळा तोलायला लावा, आणि पावतीवर धातूचं नाव लिहून घ्या. बुडावरच्या नावाचे आणि सालाचे फोटो त्याआधी काढून ठेवा, तिरप्या उजेडात, पीठ हलकेच चोळून, म्हणजे टिंबं उठून दिसतात.

काकूंनी दोन्ही वाट्या परत नेल्या. तडकलेली आता त्यांच्या देवघरात कुंकवाला आहे.